तळाला टेकलेली निळी रेघ

*“नवा फोन घ्यायचाय. सहा फोन पसंत करून तुलनेच्या एका साइटवर टाकले, तर तक्त्याऐवजी आलेख आला. सहा उभ्या रेघा: वजन, बॅटरी, किंमत, चार्जिंग, रॅम आणि कॅमेरा. त्यांच्यामधून प्रत्येक फोनची एक रंगीत रेघ वरखाली होत जाते. निळ्या रेघेचा फोन मी हातात धरून पाहिला, हलका आहे, आवडला. पण बॅटरीच्या रेघेवर तो थेट तळाला जातो आणि रॅमच्या पुढे तर त्याची रेघ दिसेनाशीच होते. जांभळी रेघ तीन ठिकाणी सगळ्यात वर आहे. धाकटा भाऊ म्हणतो, जी रेघ वर तो फोन चांगला, त्यात विचार कसला करायचा? वजन आणि बॅटरी यांच्यामध्ये तर सगळ्या रेघांची अशी गाठ बसलीय की काही वाचताच येत नाही. निळा सोडून द्यावा का? आलेखाचं चित्र आणि सहाही फोनचे आकडे सोबत पाठवतेय.”*
*– एक वाचक*

नमस्कार,

आकडे पाठवलेत हे फार चांगलं केलंत. ते घेऊन मी चौकटीच्या कागदावर तुमचा आलेख पुन्हा काढला, कारण असं चित्र हाताने एकदा काढलं की ते कसं तयार होतं हे आपोआप कळतं. निळा फोन एवढ्यात सोडू नका. का, ते सविस्तर सांगते. इतर वाचकांनाही सोबत येता यावं म्हणून फोनना रंगांचीच नावं ठेवते, आणि किंमत सांगताना सगळ्यात स्वस्त फोनची, म्हणजे लाल फोनची, किंमत १०० धरते.

या प्रकाराला समांतर निर्देशकांचा आलेख म्हणतात. शाळेतल्या आलेखात दोन अक्ष एकमेकांना काटकोनात असतात, त्यामुळे एका वेळी दोनच गोष्टी दाखवता येतात. इथे अक्ष शेजारीशेजारी उभे केले आहेत. त्यामुळे सहा, आठ, दहा कितीही गोष्टी मांडता येतात आणि एक फोन म्हणजे एक टिंब न राहता एक वाकडीतिकडी रेघ होते. कल्पना बरीच जुनी आहे. मॉरिस द'ओकान्य या फ्रेंच गणितज्ञाने १८८५ मध्ये समांतर निर्देशकांवर पुस्तक लिहिलं होतं. तुमच्या चित्रातल्या ‘गाठी’चं गणित नीट मांडलं ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्फ्रेड इन्सेलबर्ग यांनी. त्या गाठीकडे आपण येणारच आहोत.

आधी तुमच्या बॅटरीकडे पाहू, कारण खरी धास्ती तिथेच बसली आहे.

बॅटरीच्या अक्षाच्या वरच्या टोकाला ५२०० लिहिलं आहे आणि खालच्या टोकाला ४७००. शून्य नाही, ४७००. साइटने केलं काय, तर तुम्ही निवडलेल्या सहा फोनमधली सगळ्यात मोठी बॅटरी वर ठेवली, सगळ्यात लहान खाली ठेवली आणि मधल्या ५०० मिलिअँपिअर-तासांचा फरक अक्षाच्या पूर्ण उंचीभर ताणला. निळ्याची बॅटरी सहांत लहान, म्हणून तो तळाला. पण लाल फोनच्या ५२०० च्या तुलनेत ४७०० म्हणजे जेमतेम १० टक्के कमी. हाच अक्ष शून्यापासून सुरू केला असता, तर निळी रेघ तळाला न जाता उंचीच्या ९० टक्क्यांवर दिसली असती आणि तुमची नजर तिथे थांबलीही नसती.

आता चार्जिंगचा अक्ष पाहा. वर १२० वॅट, खाली २५ वॅट. १२० वर एकटा जांभळा आहे. निळा ४५ वॅटचा, लाल आणि नारिंगी ३३ चे, हिरवा आणि करडा २५ चे. जांभळ्याने अक्ष इतका लांबवर ताणला आहे की बाकीचे पाचही फोन खालच्या साधारण पाचव्या हिश्श्यात दाटीवाटीने बसलेत. चित्रात निळा आणि हिरवा जवळजवळ सारखेच वाटतात. प्रत्यक्षात ४५ हे २५ च्या पावणेदोन पटींहून जास्त आहेत.

म्हणजे एकाच चित्रात १० टक्क्यांचा फरक अख्ख्या अक्षाएवढा दिसतो, आणि जवळजवळ दुपटीचा फरक दोन बोटांएवढा. डोळ्यांना हे कळत नाही, कारण दोन्ही अक्षांची उंची सारखीच आहे. या आलेखात उंची सांगते ती एवढीच, की निवडलेल्या फोनमध्ये हा फोन सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांच्या दरम्यान कुठे आहे. तो मुळात किती चांगला आहे, हे ती सांगत नाही. म्हणून कुठल्याही अक्षावर रंगीत रेघ पाहण्याआधी दोन टोकांचे आकडे वाचायचे आणि मनाशी विचारायचं: खालच्या टोकाचा फोन मला चालेल का? चालत असेल, तर त्या अक्षावर कोण वर आहे नि कोण खाली, याला फारसं महत्त्व उरत नाही.

हे पटायला एक सोपा प्रयोग आहे. त्याच साइटवर जांभळा फोन यादीतून काढून टाका. बाकी काही बदलू नका. चार्जिंगचा अक्ष लगेच २५ ते ४५ असा होईल आणि खालच्या साधारण पाचव्या हिश्श्यात असलेली निळी रेघ एका झटक्यात सगळ्यात वर जाईल. किमतीच्या अक्षावरही निळा आधी मधल्या उंचीच्या थोडा खाली होता, तो आता पाऊण उंचीपर्यंत चढेल. निळा फोन तोच आहे, त्याचा एकही आकडा बदललेला नाही. बदलले ते त्याचे शेजारी. एखादा फोन यादीत घातल्याने किंवा काढल्याने दुसऱ्या फोनबद्दलचं तुमचं मत फिरत असेल, तर ते मत आकड्यांवरून झालेलं नसून उंचीवरून झालेलं आहे, हे ओळखा.

आता तुमच्या भावाचं म्हणणं. जी रेघ वर तो फोन चांगला, यात त्याने दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. पहिली, प्रत्येक अक्षावर वर म्हणजे चांगलं. दुसरी, सगळे अक्ष सारख्याच मोलाचे.

पहिली गोष्ट तुमच्याच चित्रात खोटी ठरते. वजनाच्या अक्षाच्या वरच्या टोकाला १७४ ग्रॅम आहे आणि खाली २०८. म्हणजे साइटने तो अक्ष उलटा केला आहे: हलका फोन वर, जड खाली. हे समजूतदारपणाचं आहे. पण किमतीचा अक्ष मात्र सुलटाच ठेवला आहे, खाली १०० आणि वर १९०. जांभळी रेघ तीन ठिकाणी सगळ्यात वर आहे असं तुम्ही लिहिलंत. त्यातलं एक ठिकाण किमतीचं आहे. तिथे वर असण्याचा अर्थ एवढाच, की सहांत सगळ्यात महाग तोच. दुसरं ठिकाण रॅमचं, आणि तिथे निळा आणि करडा हेही त्याच्याबरोबर त्याच टिंबावर आहेत. उरलं फक्त चार्जिंग. ‘तीन ठिकाणी पहिला’ हे वर्णन टोकांचे आकडे वाचल्यावर ‘चार्जिंगमध्ये पहिला आणि किमतीतही पहिला’ एवढंच उरतं.

कुठला अक्ष उलटा करायचा हे प्रत्येक साइट आपापल्या समजुतीने ठरवते. बऱ्याच ठिकाणी अक्षाच्या नावाशेजारी लहानसा बाण असतो आणि त्यावर टिचकी मारली की अक्ष उलटतो. तशी सोय असेल तर किमतीचा अक्षही उलटा करून घ्या, म्हणजे निदान सगळीकडे वरची बाजू तुमच्या सोयीची होईल. तशी सोय नसेल तर ‘इथे खाली चांगलं’ एवढं लक्षात ठेवूनच वाचावं लागतं.

वजन आणि बॅटरी यांच्यामधली गाठ तुम्हाला वाचता येत नाही, पण माझ्या मते तुमच्या चित्रात सगळ्यात स्पष्ट बोलणारी जागा तीच आहे. सहा फोनचं वजन आणि बॅटरी ओळीने मांडू. निळा १७४ ग्रॅम, ४७००. जांभळा १८५, ४८५०. नारिंगी १९०, ४९००. हिरवा १९६, ५०००. करडा २०१, ५१००. लाल २०८, ५२००. वजन जसं वाढतं तशी बॅटरीही वाढत जाते, एकही अपवाद नाही. वजनाचा अक्ष उलटा केलेला असल्यामुळे जो फोन वजनावर सगळ्यात वर तो बॅटरीवर सगळ्यात खाली जातो, जो वरून दुसरा तो खालून दुसरा, आणि शेवटी सगळ्या रेघा मधल्या भागात जवळजवळ एकाच ठिकाणी एकमेकींना छेदतात.

इन्सेलबर्ग यांचं गणित नेमकं इथे उपयोगी पडतं. दोन शेजारच्या अक्षांवरच्या गोष्टींपैकी एक वाढली की दुसरी ठरावीक प्रमाणात घटत असेल, तर सगळ्या रेघा त्या दोन अक्षांच्या मधोमध कुठेतरी एकाच बिंदूतून जातात. प्रमाण अगदी काटेकोर नसेल तर बिंदूऐवजी तुमच्या चित्रातल्यासारखी थोडी पसरट गाठ दिसते. दोन्ही गोष्टी बरोबरीने वाढत असतील आणि अक्ष असे टोकांपर्यंत ताणलेले असतील, तर रेघा एकमेकींना जवळजवळ समांतर जातात. आणि काहीच नातं नसेल तर काही रेघा छेदतात, काही छेदत नाहीत, सगळा गोंधळ. म्हणजे ‘गाठ’ आणि ‘गोंधळ’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याकडे गाठ आहे. ती सांगते की या सहा फोनमध्ये हलकेपणा हवा असेल तर बॅटरीत थोडं कमी पत्करावं लागेल, आणि या देवघेवीतून सहांपैकी एकही फोन सुटलेला नाही. त्यात नवल नाही, कारण फोनच्या वजनात बॅटरीचा वाटा मोठा असतो.

खात्री करून घ्यायची असेल तर वजनाचा अक्ष सुलटा करून पाहा. गाठ क्षणात सुटेल आणि सहाही रेघा एकमेकींना न छेदता जातील. गाठ दिसली की ती फोनमधली आहे की अक्ष उलटा केल्यामुळे आली आहे, हे असं तपासता येतं. दोन्ही चित्रांत सांगितलेली गोष्ट एकच आहे, फक्त एकदा ती छेदणाऱ्या रेघांनी सांगितली आहे आणि एकदा समांतर.

म्हणजे बॅटरीत निळा तळाला जाण्याचं कारण तुमच्या हाताला आधीच कळलं होतं. तो फोन उचलल्यावर तुम्हाला आवडलेला हलकेपणा आणि तुम्हाला घाबरवणारा तो तळ, ही एकाच नाण्याची दोन अंगं आहेत. लाल फोनपेक्षा तो ३४ ग्रॅमने हलका आहे आणि त्याच्या बदल्यात बॅटरी १० टक्क्यांनी लहान. हा सौदा तुम्हाला परवडतो का, एवढाच प्रश्न आहे. शिवाय मिलिअँपिअर-तास हे टाकीचं माप आहे, गाडी किती अंतर जाईल याचं नाही. पडदा किती वीज खातो, प्रोसेसर किती काटकसरी आहे, यावर दिवस निघतो की नाही हे ठरतं. लहान बॅटरीचा फोन मोठ्या बॅटरीच्या फोनपेक्षा जास्त वेळ चालल्याची उदाहरणं चाचण्यांमध्ये नेहमी सापडतात. प्रत्यक्ष चालवून मोजलेले तास मिळाले तर या अक्षाऐवजी त्यांच्यावर विसंबा.

गाठीबरोबरच आणखी एक सांगते, कारण पुष्कळ वाचक इथे फसतात. रेघ एका अक्षावरून दुसऱ्या अक्षावर जाताना वर चढते किंवा खाली उतरते. आपल्याला दर महिन्याच्या आलेखांची सवय असते, त्यामुळे चढ म्हणजे प्रगती आणि उतार म्हणजे घसरण असं मनात येतं. इथे बॅटरी आणि किंमत यांच्यामधल्या चढाला एकट्याने काहीच अर्थ नाही. दोन वेगळ्या मापांवरची दोन टिंबं नजरेला सापडावीत म्हणून जोडलेला तो दोरा आहे. अर्थ निघतो तो अनेक रेघा एकत्र पाहिल्यावर, त्या छेदतात की समांतर जातात यावरून.

रॅमच्या पुढे निळी रेघ नाहीशी होते, त्याचं कोडं साधं आहे. तुमच्या सहा फोनमध्ये रॅम दोनच प्रकारची आहे, ८ जीबी किंवा १२ जीबी. त्यामुळे त्या अक्षावर सहा वेगळी टिंबं नसून दोनच आहेत आणि प्रत्येकावर तीन-तीन फोन येऊन मिळतात. निळा आणि जांभळा दोघंही १२ जीबीचे, आणि दोघांचेही मुख्य कॅमेरे ५० मेगापिक्सेलचे. म्हणजे रॅम ते कॅमेरा या टप्प्यात दोन्ही रेघा तंतोतंत एकच आहेत. जांभळी नंतर काढली गेली, म्हणून ती वर आली आणि निळी तिच्याखाली झाकली गेली. रेघेवर बोट किंवा माउस नेला की ती उठून दिसते, तसं करून पाहा. रॅम, साठवण, पडद्याचा रिफ्रेश रेट अशा ठरावीक पायऱ्यांमध्येच मिळणाऱ्या गोष्टींच्या अक्षावर हे नेहमी होतं. अशा टिंबातून बाहेर पडणारी रेघ आत आलेली नेमकी कुठली, हे केवळ नजरेने ठरवू नका.

कॅमेऱ्याच्या अक्षावर मात्र मला तुम्हाला थोडं अडवायचं आहे. खाली ५०, वर २००. करडा एकटा वर, लाल १०८ वर, नारिंगी ६४ वर आणि निळा, जांभळा, हिरवा तळाला. चित्र पाहून वाटतं की हे तीन फोन कॅमेऱ्यात मार खातात. पण मोठ्या आकड्यांचे हे सेन्सर रोजच्या फोटोसाठी शेजारशेजारचे पिक्सेल एकत्र करतात. २०० मेगापिक्सेलचा सेन्सर साधारणपणे १६ पिक्सेलचा एक करतो आणि फोटो येतो साडेबारा मेगापिक्सेलचा. १०८ चा बहुधा ९ चा एक करतो, फोटो १२ चा. ५० चा ४ चा एक करतो, फोटो पुन्हा साडेबाराचा. म्हणजे अक्षावर वरपासून खालपर्यंत पसरलेले हे फोन नेहमीच्या वापरात जवळजवळ सारख्याच मापाचे फोटो देतात. फोटो चांगला येतो की नाही हे सेन्सरचा आकार, भिंग आणि फोटोवर होणारी प्रक्रिया ठरवते, आणि यातलं काहीही या अक्षावर नाही. साइटवर अक्ष लपवता येत असेल तर हा अक्ष लपवाच. तो राहिला तर उगाच तीन फोनना तळाला बसवून ठेवेल.

भावाचं दुसरं गृहीतक इथेच गळून पडतं. सहा अक्ष सारख्या अंतरावर, सारख्या उंचीचे काढलेत, म्हणून ते सारख्या मोलाचे होत नाहीत. तुमच्यासाठी वजन हे कदाचित बाकी पाचांहून मोठं असेल. चार्जिंगचंही तसंच आहे. १२० वॅट हा कमाल आकडा असतो, बॅटरी भरत आली की वेग उतरतो, आणि तेवढा वेग मिळायला त्या कंपनीचाच चार्जर लागण्याची शक्यता मोठी. रात्री फोन चार्जिंगला लावून झोपणाऱ्या माणसाला २५ आणि १२० यांत फरक जाणवणारच नाही. तुम्ही फोन कसा चार्ज करता ते तुम्हालाच माहीत.

मग हा आलेख वापरायचा कसा? वर-खाली बघत बसण्याऐवजी चाळणीसारखा वापरा. बहुतेक अशा आलेखांमध्ये अक्षावर बोट किंवा माउस दाबून ओढलं की एक पट्टी तयार होते. त्या पट्टीतून जाणाऱ्या रेघा ठळक राहतात, बाकीच्या फिक्या होतात. सगळ्यात आधी कागदावर लिहा की तुम्हाला काय हवंच आहे. रंग पाहण्याआधी लिहा, नाहीतर आवडत्या रंगाला जागा मिळेल अशीच अट आपण नकळत घालतो. समजा तुम्ही लिहिलंत: वजन १९० ग्रॅमपर्यंत, किंमत १५० पर्यंत. वजनाच्या अक्षावर १७४ ते १९० पट्टी ओढली की निळा, जांभळा आणि नारिंगी उरतात. मग किमतीवर १०० ते १५० ओढा. जांभळा गळतो. उरले निळा आणि नारिंगी. सहांचे दोन झाले, आणि कोण वर आहे याचा आपण विचारसुद्धा केला नाही.

पट्टीची कड कुठे ठेवता याकडे मात्र लक्ष द्या. किमतीची मर्यादा १५० ऐवजी १३५ ठेवली असती तर निळा गेला असता, अवघ्या पाचने. पट्टी हो किंवा नाही एवढंच जाणते, थोडक्यात हुकलेला आणि खूप दूरचा यांत ती फरक करत नाही. म्हणून पट्टी लावल्यावर तिची कड थोडी वरखाली सरकवून पाहा. लगेच एखादी रेघ उजळली, तर तो फोन विचारात घेण्याजोगा आहे. वजनाची पट्टी १९० वरून १९५ पर्यंत नेली तर कोणीच नवं येत नाही. त्यापुढे फक्त एक ग्रॅम सरकलात की हिरवा येतो.

अक्षांचा क्रमही बदलून पाहा. नातं दिसतं ते फक्त शेजारच्या दोन अक्षांमध्ये. तुमच्या चित्रात किंमत आणि रॅम शेजारी नाहीत, मध्ये चार्जिंग आहे. अक्षाचं नाव धरून ओढलं की बहुधा अक्ष हलतो. रॅम किमतीच्या शेजारी आणा, म्हणजे दिसेल की १२ जीबीचे तिन्ही फोन (१४०, १५५, १९०) ८ जीबीच्या तिन्ही फोनपेक्षा (१००, ११५, १२०) महाग आहेत. वरच्या तीन रेघा वर जातात, खालच्या तीन खाली, एकही छेद नाही. म्हणजे निळ्यासाठी जास्त मोजाल त्यातला काही भाग रॅमचा आहे. कॅमेरा किमतीच्या शेजारी आणलात तर मात्र खराखुरा गोंधळ दिसेल. सगळ्यात स्वस्त लाल फोनचा आकडा १०८ आणि सगळ्यात महाग जांभळ्याचा ५०. सहा अक्षांच्या १५ जोड्या होतात आणि एका मांडणीत त्यातल्या ५ दिसतात. क्रम विचार करून लावले तर तीन मांडण्यांत सगळ्या जोड्या पाहून होतात. तेवढं करायलाच हवं असं नाही. तुम्हाला ज्या दोन गोष्टींमधली देवघेव समजून घ्यायची आहे, त्या शेजारी आणल्या की पुरे. आणि सहा फोनवरून सगळ्या फोनबद्दल नियम काढू नका. ही नाती तुमच्या यादीपुरती आहेत.

ज्या वाचकांच्या यादीत सहाऐवजी पंचवीस-तीस फोन असतील, त्यांनी आधी दोन पट्ट्या ओढून यादी सात-आठांवर आणावी आणि मगच रेघा वाचायला घ्याव्यात. तीस रेघांत रंग वेगळे ओळखूच येत नाहीत. आणखी एक, रेघ एखाद्या अक्षावर तळाच्याही तळाला जात असेल तर टोकाचा आकडा बघा. तिथे शून्य असेल तर बहुधा त्या फोनची माहितीच साइटकडे नसते आणि रिकामी जागा शून्य म्हणून काढली जाते. कुठल्याच फोनची बॅटरी शून्य नसते.

आता तुमच्यासाठी उरलेले दोन फोन आलेख बंद करून समोरासमोर ठेवते, कारण दोनच फोन उरले की साधे आकडे आलेखापेक्षा चांगले वाचता येतात. नारिंगीच्या तुलनेत निळा १६ ग्रॅमने हलका. बॅटरी २०० मिलिअँपिअर-तासांनी, म्हणजे ४ टक्क्यांनी लहान, जी रोजच्या वापरात जाणवणार नाही इतकी कमी. चार्जिंग ४५ विरुद्ध ३३ वॅट, रॅम १२ विरुद्ध ८ जीबी. आणि किंमत १४० विरुद्ध ११५. बॅटरीचा प्रश्न इथे मिटतो. उरतो तो किमतीतला २५ चा फरक, आणि तो मुख्यतः रॅमसाठी आणि हलकेपणासाठी आहे. तुम्ही फोन चार-पाच वर्षं वापरणार असाल, एका वेळी बरीच अ‍ॅप उघडी ठेवत असाल, तर जास्तीची रॅम कामी येईल. दोन वर्षांत बदलणार असाल तर ८ जीबीत तुमचं बहुधा अडणार नाही, आणि मग तो २५ चा फरक मुख्यतः १६ ग्रॅमसाठी आहे. दोन्ही फोनना किती वर्षं सॉफ्टवेअरचे अपडेट मिळणार हे तुमच्या आलेखात कुठेच नाही, ते वेगळं शोधा. चार-पाच वर्षं वापरायचा असेल तर रॅमच्याही आधी ते बघा.

निळा तुम्ही हातात घेतला आहे, नारिंगी घेतलेला दिसत नाही. पुढच्या वेळी तोही दहा मिनिटं धरून पाहा, एका हाताने टाइप करा, पडून वाचता तसा वर धरा. १६ ग्रॅम तुमच्या मनगटाला कळतात की नाही, हे मला इथून सांगता येणार नाही.